ओल कुठून येते, हे सांगण्याची फी

बांधकाम खात्यातून, पाटबंधाऱ्यातून किंवा एखाद्या खाजगी कंपनीतून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता 'आता कन्सल्टन्सी करतो' म्हणतो, तेव्हा बहुतेकदा त्याच्या डोळ्यांपुढे नकाशे, डिझाइन आणि मोठे प्रकल्प असतात. तशी कामे तरुणांच्या ऑफिसांकडे जातात, कारण त्यांच्याकडे सॉफ्टवेअर असते आणि माणसेही असतात. निवृत्त माणसाकडे असलेली आणि बाजारात फारशी न मिळणारी गोष्ट वेगळी आहे. बांधकामाच्या आत काय चालले असेल हे तो बाहेरून ओळखू शकतो, आणि जे पाहिले ते लिहून, मोजून, सही करून देऊ शकतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या हजारो गृहनिर्माण सोसायट्यांना नेमके हेच हवे असते. त्यांच्या कमिटीवर बँकेतले, शाळेतले, दुकानातले लोक असतात. भिंत ओली झाली की ते वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. तो येतो, फरशी फोडायला सांगतो आणि कोटेशन देऊन जातो. निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असल्यावर निदान कोणत्या बाजूला झुकणार हे उघड आहे.

म्हणून या व्यवसायाचा पहिला नियम असा धरावा की आपण दुरुस्तीचे काम घ्यायचे नाही, ठेकेदार सुचवायचा नाही आणि रसायनांच्या कंपनीकडून एक पैसाही स्वीकारायचा नाही. फी मिळते ती फक्त निदानाची. तेवढे पाळले तर वरच्या मजल्यावरचा आणि खालच्या मजल्यावरचा असे दोघेही तुमचा अहवाल मान्य करतात. सोसायट्यांतली अर्धी भांडणे याच दोन मजल्यांमधली असतात.

गळतीचे निदान कसे होते ते एका उदाहरणावरून पाहू. पंचवीसेक वर्षांची सात मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छताचा एक कोपरा आणि त्याखालची भिंत ओली. रंगाचे पोपडे निघालेले, पांढरा लोणा फुटलेला. नेमके त्याच्या डोक्यावर चौथ्या मजल्याचे बाथरूम. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मागच्या वर्षी सगळे बाथरूम फोडून नवा ब्रिकबॅट कोबा, वर वॉटरप्रूफिंग आणि नवीन फरशी केलेली आहे. ओल गेली नाही. खालच्यांचे म्हणणे, काम नीट झाले नाही. वरचे म्हणतात, आम्ही खर्च केला, आता सोसायटीने पाहावे.

अशा ठिकाणी पोहोचल्यावर पिशवीतले काहीही बाहेर न काढता आधी बसून विचारायचे. ओल केव्हापासून आहे? पावसाळ्यात वाढते का? वरचे लोक गावाला गेले होते तेव्हा काय झाले? सकाळी जास्त असते की रात्री? या उत्तरांवरच निम्मे निदान होते. फक्त पावसात दिसणारी ओल बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या छज्जावरून किंवा गच्चीतून येते. वर माणसे नसतानाही थांबत नाही ती पाण्याच्या पुरवठ्याच्या पाइपची असते, कारण त्या पाइपात दिवसरात्र दाब असतो. आणि वापराबरोबर वाढते, सुट्टीत कमी होते, ती सांडपाण्याच्या वाटेची किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगची. या घरात उत्तर आले की दिवाळीत वरचे दहा दिवस नव्हते तेव्हा भिंत बरीच सुकली होती. पाऊस तर केव्हाच संपलेला. म्हणजे बाहेरची भिंत संशयातून जवळपास सुटली. पुरवठ्याचा पाइपही बहुधा सुटला, पण खात्री करायला हवी.

मग ओल मोजायची. दोन पिनांचे ओलमापक यंत्र काही हजारांत मिळते. ते वापरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ही यंत्रे बहुतेक लाकडासाठी जुळवलेली असतात. गिलाव्यावर ती जो टक्का दाखवतात तो खरा टक्का नसतो, तो फक्त तुलनेसाठी उपयोगी असतो. शिवाय लोणा म्हणजे क्षार, आणि क्षारांतून वीज सहज वाहते. त्यामुळे लोणा फुटलेल्या, पण आता कोरड्या असलेल्या भिंतीवरही आकडा मोठा येतो. म्हणून एका आकड्यावरून काहीही म्हणायचे नाही. भिंतीवर आणि छतावर पेन्सिलीने एकेक फुटावर खुणा करायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि त्याच खुणांवर रोज मोजायचे. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचे.

या घरात सर्वांत ओल्या खुणेवर पहिल्या दिवशी 38 आला. काकांना विनंती केली की तीन दिवस हे बाथरूम वापरू नका, दुसरे वापरा, पण या बाथरूमच्या नळाचा व्हॉल्व्ह मात्र उघडाच ठेवा. पाइपात पाणी भरलेले राहिले, वापर बंद झाला. चौथ्या दिवशी त्याच खुणेवर 31. पुरवठ्याचा पाइप गळत असता तर आकडा खाली आला नसता. तो निर्दोष ठरला, आणि भिंत फोडून पाइप शोधण्याचा खर्च वाचला.

आता फरशी. नहाणी ट्रॅपच्या तोंडात ओल्या कापडाचा बोळा गच्च बसवून त्यावर प्लास्टिकची पिशवी दाबली आणि बाथरूममध्ये पाणी साठवले. चार फूट बाय सहा फुटांच्या बाथरूमला सरासरी एक इंच पाणी म्हणजे साधारण 56 लिटर, चार बादल्यांना थोडे कमी. उतारामुळे दारापाशी पातळ थर राहतो आणि ट्रॅपपाशी जास्त, ते चालते. टाइलवर पाण्याच्या पातळीची खूण केली आणि दार लावून घेतले. 24 तासांनी पातळी मिलिमीटरभर उतरलेली, इतके तर हवेतच उडते. खालचा आकडा 30. याचा अर्थ काकांनी केलेले वॉटरप्रूफिंग उत्तम होते. गेले वर्षभर ज्या कामाला शिव्या पडत होत्या, ते काम बिनचूक निघाले.

मग पाण्यात हिरवा रंग घातला, बोळा काढला आणि सगळे पाणी ट्रॅपमधून जाऊ दिले. त्यामागून आणखी दोन बादल्या हळूहळू ओतल्या. संध्याकाळी खालच्या खुणेवर 36, दुसऱ्या दिवशी सकाळी 42. बाहेरच्या डक्टमध्ये टॉर्च मारून पाहिले, तर ट्रॅपचा आडवा पाइप भिंतीतून बाहेर येऊन उभ्या पाइपला मिळतो तिथे हिरवट ओघळ होता. फरशी, कोबा, वॉटरप्रूफिंग सगळे नवीन, पण जुना बिडाचा ट्रॅप तसाच ठेवला होता, आणि नव्या प्लास्टिकच्या पाइपशी त्याचा जोड सिमेंटने भरला होता. बीड आणि प्लास्टिक उन्हातान्हात सारखे हलत नाहीत. सिमेंटचा जोड भेगाळतो. पाणी साठवण्याच्या चाचणीत बोळा त्या जोडाच्या अलीकडे असल्याने जोड तपासलाच गेला नव्हता. वॉटरप्रूफिंगवाल्याने काम झाल्यावर हीच चाचणी घेऊन 'पास' म्हटले होते, आणि त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरेही होते.

या कामात घाई केली की सगळे बिघडते. एका दिवसात दोन चाचण्या घेतल्या तर आकडा कशामुळे चढला हे सांगता येत नाही. दोन चाचण्यांमध्ये भिंत पुन्हा खाली यायला वेळ द्यावा लागतो. आणि दुरुस्ती झाल्यावर लगेच रंग काढू नये, हे अहवालात ठळक लिहावे लागते. फरशीखालचा विटांचा भराव पाणी धरून ठेवतो आणि आठवडे-महिने ते सोडत राहतो. गळती थांबल्यावरही डाग दिसत राहतो, मग लोक म्हणतात दुरुस्ती फसली. दर पंधरा दिवसांनी त्याच खुणांवर मोजले की आकडे उतरताना दिसतात आणि सगळ्यांना धीर येतो. ही पाठपुराव्याची भेट फीमध्ये आधीच धरावी.

अहवाल तीन-चार पानांचा पुरे. पहिल्याच परिच्छेदात निष्कर्ष एका वाक्यात. मग खुणांचे रेखाचित्र, तारखांसह आकड्यांचा तक्ता, फोटो, आणि दुरुस्ती कुठे, कशी, किती फोडून करायची ते. शेवटी काय पाहता आले नाही, हेही लिहायचे, उदाहरणार्थ फर्निचरमागची भिंत. पैसे कोणी द्यायचे, हा निर्णय मात्र अभियंत्याने देऊ नये. आदर्श उपविधींची साधारण विभागणी अशी आहे की पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने पाहायची, फ्लॅटमधली आतली दुरुस्ती सभासदाने. इथला जोड अगदी सीमेवर होता. 'जोड बाहेरच्या भिंतीच्या पृष्ठभागापासून अमुक इंच आत आहे' इतके मोजून लिहायचे आणि थांबायचे. पुढचे सर्वसाधारण सभा किंवा निबंधक ठरवतील. ज्याने मोजमाप दिले त्यानेच निवाडाही दिला, तर पुढच्या सोसायटीत त्याला कोणी बोलावणार नाही.

या एका कामाला चार-पाच भेटी मिळून सहाएक तास, आणि लिहायला तीन तास लागतात. तुम्ही स्वतःचा दिवस समजा 4,000 रुपयांचा धरला, तर फी पाच हजारांच्या आसपास होते, प्रवास वेगळा. फोडलेली एक चुकीची फरशी याहून कितीतरी महाग पडते, त्यामुळे सोसायटीला ही रक्कम जड जात नाही. फी आधी लेखी ठरवावी आणि निम्मी आगाऊ घ्यावी. निकाल आपल्या विरुद्ध गेलेला सभासद नंतर आपला वाटा द्यायला टाळतो, हे ठरलेलेच.

गळती हे सुरुवातीचे काम. त्याहून नियमित उत्पन्न देणारे आणि खात्यातल्या माणसाला जन्मभराच्या सवयीने येणारे दुसरे काम म्हणजे मोठ्या दुरुस्तीवर सोसायटीच्या बाजूने देखरेख. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. ऑडिट झाले की दुरुस्ती निघते. या दुरुस्तीचा ठेका बहुतेक वेळा बाबवार दराचा असतो, म्हणजे पॉलिमर मॉर्टरचा चौरस फुटाचा दर ठरतो आणि जितके काम होईल तितके बिल. अंदाजपत्रकातले परिमाण केवळ अंदाज असते, कारण गिलावा काढल्याशिवाय आत किती गंजले आहे हे कोणालाच दिसत नाही. सोसायटीचा पैसा नेमका इथे निसटतो.

एक कॉलम घ्या. नऊ इंच बाय अठरा इंच, उंची दहा फूट. ठेकेदाराच्या बिलात त्याचे मोजमाप येते चारही बाजू आणि पूर्ण उंची: परिमिती साडेचार फूट, गुणिले दहा, म्हणजे 45 चौरस फूट. चिपिंग झाल्यावर तुम्ही तिथे असता, तर दिसले असते की काँक्रीट सुटले आहे ते फक्त एका कोपऱ्यात, खालून चार फुटांपर्यंत, एका रुंद आणि एका अरुंद बाजूला. दीड फूट अधिक पाऊण फूट, गुणिले चार, म्हणजे 9 चौरस फूट. एकाच कॉलममागे पाचपट फरक, आणि इमारतीत असे कॉलम पन्नास असू शकतात. मॉर्टर चढून वर गिलावा बसला की यातले काहीही पुन्हा सिद्ध करता येत नाही.

खात्यात मोजमाप पुस्तकात जे काम झाकले जाणार आहे ते झाकण्याआधी मोजायचे, हे कनिष्ठ अभियंता पहिल्या वर्षी शिकतो. तेच इथे लावायचे. चिपिंग झाल्यावर, सळईचा गंज घासल्यावर आणि मॉर्टर लावण्याआधी अशा तीन थांब्यांवर तुमची सही असल्याशिवाय पुढचे काम नाही आणि त्या भागाचे बिलही नाही, ही अट कार्यादेशातच घालून घ्यावी. काम सुरू झाल्यावर ती घालता येत नाही. प्रत्येक कॉलमला क्रमांक, फोटोत क्रमांकाची पाटी आणि मोजपट्टी दोन्ही दिसलीच पाहिजेत. मोजमाप ठेकेदाराच्या माणसासमोर घ्यावे आणि त्याची सही त्याच पानावर घ्यावी. मग महिन्याच्या शेवटी वाद राहत नाही.

सळईच्या मागे बोट जाते का, हे पाहायला विसरू नये. गंजलेल्या सळईच्या फक्त पुढचे काँक्रीट काढून वर मॉर्टर थापला, तर मागच्या बाजूचा गंज चालूच राहतो आणि गंजलेले लोखंड फुगून दोन-तीन पावसाळ्यांत नवा थर ढकलून देते. हलक्या हातोडीने नव्या मॉर्टरवर टकटक केले की चिकटलेला थर खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजणारा भाग खडूने गोल करून त्याच दिवशी काढायला लावावा.

या देखरेखीचे मासिक मानधन ठरते, रोज दोन-तीन तास साइटवर जावे लागते आणि मोठी दुरुस्ती सहा-आठ महिने चालते. एका वेळी दोनच सोसायट्या घ्याव्यात. ज्याला परांचीवर चढणे जमत नाही त्याने हे काम घेऊ नये. खालून पाहून सही करणे म्हणजे न पाहताच सही करणे आहे. तुमच्या नावाची किंमत त्याच सहीत आहे. चढता येत नसेल तर गळतीचे काम करावे, किंवा नवीन फ्लॅटच्या ताब्याआधीची तपासणी.

ताब्याची तपासणी हे एका दिवसाचे काम आहे. मोजमापे, फरशीचे बद्द वाजणारे ठोकळे, बाथरूमचा उतार, खिडक्यांचे गाळे, विजेच्या सॉकेटचे अर्थिंग. विजेचा भाग विद्युत शाखेच्या निवृत्त सहकाऱ्याबरोबर वाटून घ्यावा. या कामाला कायद्याचा आधार आहे. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून तक्रारीची भाषा महत्त्वाची. 'बाथरूम खराब आहे' यावर काही होत नाही. 'कॉमन बाथरूममध्ये पाणी दाराच्या दिशेने वाहते, ट्रॅपपासून दारापर्यंत उलटा उतार 8 मिलिमीटर' असे लिहिले की बिल्डरच्या इंजिनिअरला येऊन पाहावेच लागते. कुटुंबाने ताबा घेण्याआधी बोलावले तर उत्तम, पण चौथ्या वर्षी बोलावले तरी उशीर झालेला नसतो. अशी कामे पाच वर्षे पुरी होण्याच्या सुमारास गठ्ठ्याने मिळतात. कमिटीला तारीख आठवण करून दिली की सगळ्या सामाईक भागांची पाहणी एकदमच निघते.

पैशाच्या बाजूचे थोडक्यात. अभियांत्रिकी व्यवसायाला आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, हिशेबाची वह्या-पुस्तके ठेवावी लागत नाहीत. फक्त सेवा देणाऱ्याची उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नसते. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ठराविक काळ खाजगी व्यवसायासाठी परवानगी लागू शकते, ते आपल्या आस्थापनेकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

एका सीमेबद्दल मात्र सावध असावे. स्ट्रक्चरल ऑडिटच्या प्रमाणपत्रावर महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच सही चालते. पस्तीस वर्षे पूल बांधले असले तरी नोंदणी नसेल तर ती सही आपली नाही. कमिटी आग्रह करते, 'साहेब, तुम्हीच द्या ना, तुम्हाला सगळे कळते.' तिथे नाही म्हणावे. नोंदणीकृत इंजिनिअरच्या हाताखाली पाहणी करून देता येते, तो चांगला मार्ग आहे. रीबाउंड हॅमर हातात आला म्हणून काँक्रीटची ताकद सांगू नये. तो फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक झालेला असतो आणि आकडा फसवा चांगला येतो. नवीन काँक्रीटवरसुद्धा त्याचा अंदाज पंचवीस टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो.

गळती पाहायला गेलेल्या घरात कधी कधी गळतीपेक्षा मोठे काही दिसते. तळमजल्याच्या कॉलमवर सळईच्या रेषेत उभ्या भेगा, कोपरा फुगून सुटलेला, बीमच्या टोकाशी तिरपी भेग, किंवा दार अचानक चौकटीत घासू लागलेले. अशा वेळी ओलमापक पिशवीत ठेवावे. त्याच दिवशी अध्यक्षांना फोटोसह लेखी कळवावे की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला तातडीने बोलवा, तोपर्यंत त्या भागाखालचे पार्किंग रिकामे करा, आणि तो सांगेल त्याप्रमाणे टेके लावून घ्या. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच मिळेपर्यंत सोसायटीच्या ऑफिसातून उठू नये.